दुसरी ओळ झाकून ठेवा

प्रश्न: मी आमच्या मंडळीत तरुण मुलामुलींचा शास्त्राभ्यास घेते. स्तोत्रं वाचायला लागलो की मुलं विचारतात, एकच गोष्ट दोनदा कशाला सांगितली आहे? मी "ही हिब्रू कवितेची पद्धत आहे" म्हणते आणि पुढे सरकते, पण माझंच समाधान होत नाही. नीतिसूत्रांत तर दुसरी ओळ बऱ्याचदा उलटीच असते. हे नीट शिकवायचं कसं?

ताई, "ही हिब्रू कवितेची पद्धत आहे" हे वाक्य निदान पहिल्या दोन बैठकांत तोंडातून काढू नका. ते खोटं नाही. पण ते ऐकलं की मुलांचा हिशेब पक्का होतो: पहिली ओळ वाचली म्हणजे दुसरी वाचल्यासारखीच. मग ती दुसरी ओळ नुसती तोंडाने म्हणतात. मी मराठीतून जुना करार शिकवतो त्याला आता बावीस वर्षं झाली. त्यातली पहिली सहा-सात वर्षं मी हेच केलं, वर फळ्यावर तीन प्रकारांचा तक्ता काढून दिला. परीक्षेत सगळ्यांनी प्रकार बरोबर ओळखले. मग एकाला विचारलं, "बरं, या दुसऱ्या ओळीने तुला काय दिलं?" तो तक्त्याकडे बघून म्हणाला, "सर, समानार्थी समांतरता." त्या दिवसापासून तक्ता बंद.

आता मी करतो ते असं. फळ्यावर फक्त पहिली ओळ लिहितो. दुसरी झाकलेली. प्रत्येकाला कागदाचा तुकडा देतो आणि सांगतो, कवी तुम्ही आहात, दुसरी ओळ लिहा. चार मिनिटं. मग सगळे तुकडे वाचायचे आणि शेवटी मूळ ओळ उघडायची. वर्गाने लिहिलेली ओळ आणि मूळ ओळ यांत जे अंतर पडतं, ते अंतरच त्या दिवसाचा धडा.

यात एक अडचण असते. स्तोत्र २३ किंवा ११९:१०५ निवडलंत तर फजिती होते, कारण शब्बाथ शाळेत पाठ झालेलं आणि दरवर्षीच्या कॅलेंडरवर छापलेलं वचन मुलं डोळे मिटून पूर्ण करतात. म्हणून सुरुवातीला असा तुकडा घ्या जो त्यांनी ऐकलेला नसतो. माझा ठरलेला तुकडा शास्ते ५:२५ हा आहे. तो स्तोत्रसंहितेत नाही, पण गीतच आहे, दबोरेचं. (इथे मी ओळी हिब्रूच्या जवळ राहून माझ्या शब्दांत देतोय. तुमच्या पवित्र शास्त्रात शब्द थोडे वेगळे असतील.)

आधी गोष्ट सांगून टाका: सीसरा हा सेनापती लढाई हरून पळालाय, तहानलेला आहे, आणि याएल नावाच्या बाईच्या तंबूत लपायला आलाय. मग फळ्यावर लिहा:

त्याने पाणी मागितलं, तिने दूध दिलं;

आणि थांबा. माझ्याकडे आलेल्या ओळी साधारण अशा असतात: "त्याने आसरा मागितला, तिने अंथरूण दिलं." "त्याने भाकरी मागितली, तिने मटण दिलं." पहिल्या ओळीत पाण्याचं दूध झालं, म्हणजे मागितलं त्याहून जास्त मिळालं, हे मुलांना न सांगता कळतं आणि तोच साचा ती पुढे चालवतात. हे चांगलं लक्षण आहे. आता मूळ ओळ उघडा:

सरदारांच्या वाडग्यात तिने दही आणलं.

यावर तीनच प्रश्न विचारायचे. कोणता शब्द कशाच्या जागी आला? पहिल्या ओळीतलं काय गळालं? आणि पहिल्या ओळीत अजिबात नव्हतं असं काय आलं?

दुधाच्या जागी दही आलं. मागणारा गळाला; दुसऱ्या ओळीत सीसरा काहीच मागत नाही, सगळं तीच करतेय. आणि नवं आलं ते भांडं. साध्या तंबूत सरदारांना शोभेल असा वाडगा. पाहुणचार पाण्यावरून दुधावर, दुधावरून दह्यावर, दह्यावरून भांड्यावर चढत गेला. लगेच पुढची ओळ वाचून दाखवा, २६ वी: तिने हात पुढे केला तो तंबूच्या मेखेकडे. वर्ग गप्प होतो. एवढा चढत गेलेला पाहुणचार कशासाठी होता हे तेव्हा कळतं. याच प्रसंगाची साधी गद्य हकीकत एक अध्याय आधी आहे, ४:१९ मध्ये: तिने दुधाची बुधली उघडून त्याला प्यायला दिलं आणि त्याच्यावर पांघरूण घातलं. तिथे ना दही, ना वाडगा. दोन्ही शेजारी शेजारी वाचायला लावा. गद्याने काय घडलं ते सांगितलं. दुसऱ्या ओळीने आपल्याला त्या वाडग्याकडे नीट बघायला लावलं.

पहिली बैठक एवढीच ठेवा. मोह होतो अजून चार वचनं घ्यायचा. घेऊ नका.

दुसऱ्या बैठकीत असं वचन घ्या, ज्यात दुसरी ओळ खरंच पुढे जाते की नाही यावर भांडण होईल. असं भांडण शास्त्रातच लागलेलं आहे. १ शमुवेल १८:७. लढाईवरून परत येणाऱ्यांना बाया डफ घेऊन सामोऱ्या येतात आणि गातात:

शौलाने आपले हजार मारले,
आणि दावीदाने आपले दहा हजार.

आठव्या वचनात शौलाचा संताप होतो: दावीदाला दहा हजार दिले आणि मला नुसते हजार, आता त्याला राज्याखेरीज आणखी काय मिळायचं राहिलं? म्हणजे शौलाने दुसरी ओळ पहिलीपेक्षा वरची म्हणून ऐकली. मुलांना विचारा, बरोबर ऐकली का? निम्मा वर्ग हो म्हणेल. आकडा समोर आहे, दहापट.

मग त्यांना स्तोत्र ९१:७ काढायला सांगा. तुझ्या बाजूला हजार पडतील, तुझ्या उजव्या हाताला दहा हजार. इथे डाव्या बाजूला कमी माणसं पडली आणि उजव्या बाजूला दहापट, असं कुणी म्हणेल का? नाही. मग मीखा ६:७ काढा: हजारो मेंढे, तेलाच्या दहा हजारो नद्या. आता लक्षात येतं की 'हजार' म्हटलं की दुसऱ्या ओळीत 'दहा हजार' येणं ही त्या कवितेची जोडीच आहे. कारणही सोपं आहे. शब्दाला समानार्थी शब्द मिळतो, आकड्याला मिळत नाही. हजाराला दुसरं नाव नाही, म्हणून कवीला दुसऱ्या ओळीत वरच्या आकड्यावर जावं लागतं. नीतिसूत्रे ३०:१८ मध्ये "तीन गोष्टी मला कळत नाहीत, चार मला उमगत नाहीत" असं येतं, तेही याचमुळे.

मग बायांच्या मनात काय होतं? कदाचित दोघांचं एकत्रच कौतुक होतं, शौल आणि दावीद मिळून असंख्य शत्रू मारले एवढंच. कदाचित नव्हतं. मी वर्गात निकाल देत नाही. पण एक गोष्ट मुद्दाम दाखवतो. ९१:७ मध्ये दोन्ही ओळींत 'तू' एकच आहे, म्हणून आकडा वाढला तरी कुणाला काही वाटत नाही. बायांच्या गाण्यात मात्र दोन ओळींत दोन माणसं आहेत. गाणाऱ्यांनी जुनीच जोडी वापरली असेल, पण तिच्या दोन पायऱ्यांवर दोन नावं उभी केली, आणि खालच्या पायरीवर राजा आला. शौलाचा राग कवितेच्या दृष्टीने अगदीच वेडगळ नव्हता, असं माझं मत.

इथून मुलांच्या हाती एक हत्यार येतं, आणि पुढे वर्षभर तेच वापरायचं: अदलाबदल. दोन ओळींतल्या जोडीचे शब्द एकमेकांच्या जागी ठेवून पाहा. काही बिघडलं का? ९१:७ मध्ये हजार आणि दहा हजार यांची अदलाबदल केली तर कानाला खटकतं, अर्थ तोच राहतो. बायांच्या गाण्यात दोन नावांची अदलाबदल करा, पुढची सगळी गोष्टच बदलते. याएलच्या ओळीत दूध आणि दही बदला, चढण मोडते. जिथे बिघडतं तिथे थांबून खणा. जिथे काहीच बिघडत नाही, तिथे कवीने एकच गोष्ट दोन शब्दांत धरली आहे असं समजा आणि जोडीतला दुसरा शब्द ओढूताणून वेगळा काढू नका. स्तोत्र २४:१ मध्ये 'पृथ्वी' आणि 'जग' बदलून पाहा, काही होत नाही. पण तिथेच पृथ्वीबरोबर 'तिच्यातलं सगळं' आहे आणि जगाबरोबर 'त्यात राहणारे' आहेत. वस्तूंकडून माणसांकडे सरकणं झालं. वजन आहे ते या दुसऱ्या जोडीवर. एकाच वचनात एक जोडी रिकामी आणि एक भरलेली असू शकते.

आता तुमच्या नीतिसूत्रांकडे येतो. अध्याय १० ते १५ मध्ये बहुतेक सुभाषितं उलट ओळींची आहेत: शहाणा असा, मूर्ख तसा. मराठी मुलांना उलटी जोडी नवी नाही. "नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा" त्यांनी ऐकलेलं असतं, आणि त्यातली गंमत दोन्ही अर्धे शेजारी आल्यामुळे आहे हेही कळतं. अडचण वेगळी आहे. उलटी ओळ म्हणजे पहिलीचं नकारी रूप, असं धरून मुलं चालतात. शहाणा मुलगा बापाला सुख देतो, तर मूर्ख मुलगा बापाला दुःख देतो, झालं. असं असतं तर दुसरी ओळ खरंच फुकट होती.

इथे मी वर्गाचे दोन गट करतो आणि दोघांना तीच पहिली ओळ देतो:

शहाणा मुलगा बापाला आनंद देतो,

दोन्ही गट वर सांगितल्यासारखी, बापाला दुःख देणारी ओळ लिहितात. एखादा विनोदी मुलगा "मूर्ख मुलगा बापाला कर्जात घालतो" लिहितो, तेही वाचा, ते मूळच्या जवळ जाणारं आहे. मग एका गटाला नीतिसूत्रे १०:१ उघडायला सांगतो, दुसऱ्याला १५:२०. हिब्रूत दोन्हीकडे पहिली ओळ शब्दशः एकच आहे. दुसऱ्या मात्र वेगळ्या:

१०:१: मूर्ख मुलगा आपल्या आईचं दुःख आहे.
१५:२०: मूर्ख माणूस आपल्या आईला तुच्छ लेखतो.

आता तेच तीन प्रश्न. १०:१ मध्ये बापाच्या जागी आई आली. मग मूर्ख मुलाचं दुःख बापाला होत नाही का? कुणीतरी हा प्रश्न काढतंच. नाही काढला तर तुम्ही काढा. उत्तर १७:२५ मध्ये आहे, तिथे बाप आणि जन्म देणारी दोघंही कष्टी आहेत. म्हणजे कवीने आई आणि बाप वाटून घेतले, दोन ओळींत मिळून घर पूर्ण केलं. आनंदही दोघांचा, दुःखही दोघांचं. ओळ लहान म्हणून एकेक नाव एकेका ठिकाणी. पण अदलाबदल करून पाहा. "शहाणा मुलगा आईला आनंद, मूर्ख मुलगा बापाचं दुःख" असं केलं तर चुकीचं काही होत नाही, तरी माझ्या वर्गातल्या बायका दरवेळी म्हणतात, नाही सर, आहे तेच बरोबर. पोरगं चांगलं निघालं की बाप चारचौघांत सांगतो, वाया गेलं की आई घरात रडते. हा अर्थ हिब्रू शब्दांत आहे असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण बायकांना तो दिसतो, आणि मी त्यांना अडवत नाही. फक्त त्यावर संदेश रचू नका एवढं सांगतो.

१५:२० मध्ये गंमत जास्त आहे. पहिली ओळ परिणाम सांगते: बापाला आनंद. दुसरी ओळ परिणाम सांगतच नाही, कृती सांगते: आईला तुच्छ लेखणं. शिवाय 'मुलगा' हा शब्दच गळाला, त्या जागी 'माणूस' आला. कवीने तोल मुद्दाम सोडल्यासारखा दिसतो. मग वाचणाऱ्याला दोन्हीकडची रिकामी घरं भरावी लागतात. फळ्यावर चार चौकोन काढा. वरच्या रांगेत शहाणा: कृती आणि परिणाम. खालच्या रांगेत मूर्ख: कृती आणि परिणाम. कवीने दोनच घरं भरली आहेत, शहाण्याचा परिणाम आणि मूर्खाची कृती. उरलेली दोन मुलांना भरू द्या. शहाणा काय करतो? आईबापाला मान देतो. मूर्खामुळे काय होतं? घरचा आनंद जातो. म्हणजे पहिल्या ओळीतल्या त्या साध्या 'आनंद' शब्दात मान ठेवणं दडलेलं होतं, आणि ते दुसरी ओळ वाचल्यावरच बाहेर आलं. मुलांना एवढं एकच सुभाषित असं उघडता आलं तर बाकीची शंभर ती घरी बसून उघडतील.

चौकोनांची ही युक्ती सगळीकडे चालत नाही. नीतिसूत्रांच्या पुढच्या भागात, विशेषतः २५ आणि २६ अध्यायांत, दोन ओळी उलट नसतात, एक चित्र आणि एक माणूस असतो. २६:१४ घ्या: दार आपल्या खुंट्यावर फिरतं, आणि आळशी आपल्या अंथरुणावर. भाषांतरात "जसं... तसा..." घातलेलं सापडेल, हिब्रूत ते नाही. मुलांना ते दोन शब्द पेन्सिलीने खोडायला सांगा आणि पुन्हा वाचायला सांगा. 'फिरतं' हे क्रियापद एकदाच आहे, दुसऱ्या ओळीने ते पहिलीकडून उसनं घेतलं. त्या काळी दाराला आपल्यासारख्या बिजागऱ्या नसत. दाराचा खुंटा खालीवर खोबणीत बसवलेला असे, आणि दार त्यावर फिरे. जुन्या वाड्याचं दार बघितलेल्या आजीला विचारा, ती सांगेल. आता प्रश्न: दार दिवसभर हलतं, जातं कुठे? कुठेच नाही. ही गोष्ट दोन्ही ओळींत लिहिलेली नाही. "जसं-तसा" खोडल्यावर वाचणारा ती स्वतः काढतो आणि हसतो. हसला म्हणजे कळलं.

आता प्रकारांची नावं. ती सांगायला हरकत नाही, फक्त इथवर आल्यावर सांगा. रॉबर्ट लाउथ नावाचे ऑक्सफर्डचे प्राध्यापक होते, त्यांची हिब्रू काव्यावरची लॅटिन व्याख्यानं १७५३ मध्ये छापली गेली. आज आपण समानार्थी, विरुद्धार्थी आणि संयोगात्मक असे तीन प्रकार म्हणतो ते त्यांच्याकडून आलेले. पहिले दोन खण कामाचे आहेत. तिसरा खण म्हणजे घरातला तो कप्पा, जिथे जागा न सापडलेलं सगळं कोंबतात. आणि पहिल्या खणाला 'समानार्थी' हे नाव पडल्यामुळे दोनशे वर्षं लोक दुसरी ओळ पहिलीचाच आरसा समजून बसले. १९८१ मध्ये जेम्स क्यूगल यांनी हे उलटवलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: पहिली ओळ 'अ', दुसरी ओळ 'आणि एवढंच काय, ब सुद्धा'. मी शिकवतो ते बहुतेक याच वाटेने. पण क्यूगलांच्या सूत्राचाही अतिरेक होतो, आणि तुमच्या वर्गात तो होणार, कारण एकदा चढण दिसायला लागली की मुलांना सपाटीवरही चढण दिसते.

त्याला औषध म्हणून मी नीतिसूत्रे १६:१८ ठेवतो. नाशापूर्वी गर्व, आणि अडखळण्यापूर्वी उद्दाम मन. चढणीची सवय लागलेली मुलं ताबडतोब म्हणतात, दुसरी ओळ जास्त कडक आहे. शब्द बघायला सांगा. पहिल्या ओळीत मोडून पडणं आहे, दुसऱ्या ओळीत ठेच लागून पडणं. दुसरी ओळ चढली तर नाहीच, उलट उतरली. अदलाबदल करा, काही बिघडत नाही. इथे कवीने तेच दोनदा सांगितलं आहे, आणि दोनदा सांगितल्याने ते डोक्यात बसतं. असं असणं कमीपणाचं नाही. वर्गात "इथे काही वाढलेलं नाही" असं म्हणायला मुलं घाबरू नयेत, याची काळजी घ्या. जो विद्यार्थी प्रत्येक वचनात काहीतरी नवं सापडल्याचं सांगतो, त्याच्याकडे जास्त लक्ष द्या.

याच चुकीचं मोठं रूप व्यासपीठावर दिसतं. मरीयेचं गीत, लूक १:४६-४७: माझा जीव प्रभूला थोरवी देतो, आणि माझा आत्मा तारणाऱ्या देवामध्ये आनंदतो. यावर मी अर्ध्या तासाचा संदेश ऐकला आहे, की मरीयेने आधी जिवाने आणि मग त्याहून खोल अशा आत्म्याने उपासना केली. जीव आणि आत्मा यांची अदलाबदल करून पाहा, गीताला ओरखडाही उठत नाही. मरीया आपल्या लोकांच्या जुन्या गीतांच्या चालीवर बोलतेय, 'मी, अगदी आतून' एवढंच दोन शब्दांनी म्हणतेय. माणसाचे किती भाग असतात हा प्रश्न ज्याला सोडवायचा असेल त्याने दुसरीकडे जावं. या वचनात उत्तर नाही.

दुसरं ठिकाण मुलं स्वतःच काढतील, झावळ्यांच्या रविवारी तर हमखास. जखऱ्या ९:९: राजा येतो, गाढवावर बसून, शिंगरावर, गाढवीच्या पिल्लावर. इथे दुसरी ओळ दुसरं जनावर आणत नाही, पहिल्यालाच बारकाईने दाखवते: गाढव, तेही लहान, आईमागून फिरणाऱ्या वयाचं. राजाच्या मिरवणुकीला लष्करी घोडा नाही, एवढं पहिल्या ओळीने कळतं. दुसरीने ते आणखी खाली आणलं. मार्क ११ मध्ये एकच शिंगरू आहे. मत्तय २१ मध्ये मात्र गाढवी आणि शिंगरू दोन्ही आणली जातात. मत्तयाने दोन ओळींची दोन जनावरं केली, असं काही अभ्यासक म्हणतात; शिंगरावर कुणी बसलेलं नव्हतं म्हणून आई बरोबर चालवली, असं बाकीचे म्हणतात. वर्गात हा प्रश्न आला तर दोन्ही बाजू सांगा आणि जखऱ्याकडे परत या. कविता वाचायची तर जखऱ्याच्या ओळीत जनावर एकच आहे.

आणखी एक मर्यादा सांगून ठेवतो, म्हणजे पुढे तोंडघशी पडायला होणार नाही. सगळ्या ओळी जोडीच्या नसतात. "परमेश्वर माझा मेंढपाळ, मला काही उणं पडणार नाही" यात समोरासमोर ठेवता येईल अशी जोडी नाही. पहिल्या अर्ध्यावरून दुसरा निघतो, बस. स्तोत्र १:१ मध्ये दोन नाहीत, तीन आहेत: चालणं, उभं राहणं, बसणं. मुलांनी ओळी ओढूनताणून जोड्यांत बसवायला घेतल्या, की त्या दिवशी पुस्तक मिटा.

शिकलं की नाही हे बघायला मी शेवटच्या बैठकीत न सांगता एक वचन देतो, त्यांनी लाख वेळा ऐकलेलं, आणि कुणाला लिहायला सांगत नाही, फक्त वाचायला. स्तोत्र ८:४:

मर्त्य माणूस तो काय, की तू त्याची आठवण ठेवावीस?
आणि माणसाचा पुत्र तो काय, की तू त्याची विचारपूस करावीस?

गेल्या वर्षीच्या गटात एकजण म्हणाला, 'मर्त्य माणूस' आणि 'माणसाचा पुत्र' बदलून पाहिलं सर, काही होत नाही. बरोबर. मग मागच्या बाकावरून एक बाई बोलल्या, धुणीभांडी करणाऱ्या, चौथीपर्यंत शिकलेल्या. "पण आठवण आणि विचारपूस बदलली तर होतं की. आठवण घरी बसून येते. विचारपूस करायला उठून यावं लागतं."

मी त्यांना १ शमुवेल १७ काढायला लावलं, वचनं १७ आणि १८. इशाय धाकट्या दावीदाला लढाईवर असलेल्या भावांकडे पाठवतो: एफाभर हुरडा आणि दहा भाकरी भावांना, दहा चीज त्यांच्या सरदाराला, आणि भावांचं कुशल विचारून ये. तिथलं 'विचारून ये' आणि स्तोत्रातली 'विचारपूस', दोन्हीकडे हिब्रूत क्रियापद एकच आहे, पाकद. बाईंनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "मग हातात भाकरी घेऊनच."